अर्धा तास थांबून कोरम भरत नाही: बेळगावच्या अपार्टमेंटमध्ये फिरणाऱ्या एजीएमच्या मेसेजला उत्तर

फिरत असलेला मेसेज असा आहे:

“सोसायटीची एजीएम आली, नियम माहीत असू द्या. (१) नोटीस १४ दिवस आधी बोर्डावर लावली की पुरे. (२) कोरम म्हणजे दोन तृतीयांश किंवा २० सभासद, जे कमी असेल ते. (३) कोरम नसेल तर अर्धा तास थांबा, मग हजर असतील तेवढ्यांत सभा कायदेशीर. (४) येता येत नसेल तर ४८ तास आधी प्रॉक्सी द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तरी चालते. (५) आयत्या वेळच्या विषयात अध्यक्षांच्या परवानगीने कोणताही ठराव करता येतो. संपूर्ण भारतात लागू. सगळ्या ग्रुपवर पाठवा.”

सगळ्यात मोठी चूक शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू. घरांच्या सोसायट्यांसाठी संपूर्ण भारताला लागू होणारा असा एक कायदा नाही. वरचे बहुतेक नियम महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० आणि त्याखालच्या आदर्श उपविधींमधून उचलले आहेत. पुण्या-मुंबईच्या ग्रुपवर ते मराठीत लिहिले जातात आणि कोल्हापूरमार्गे आपल्याकडे येतात. भाषा आपली असल्यामुळे नियमही आपलाच वाटतो, पण बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ ला तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले आणि महाराष्ट्राचा हा कायदा त्यानंतर झाला. तो इथे कधीच लागू नव्हता. वेंगुर्ला रोडवर शिनोळीत उभ्या असलेल्या इमारतीला एक कायदा आणि अलीकडे हिंडलग्यातल्या इमारतीला दुसरा, अशी ही स्थिती आहे. कागल आणि निपाणीचेही तेच.

आपल्या इमारतीला काय लागू आहे, हे नावावरून ठरवू नका. ‘सोसायटी’ हा शब्द बोलण्यात सगळ्यांनाच लावला जातो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या फ्लॅटच्या इमारतींमध्ये तीन प्रकार आढळतात. पहिला, कर्नाटक अपार्टमेंट मालकी कायदा १९७२ खालची मालकांची असोसिएशन. यात बिल्डरने किंवा मालकांनी डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे घोषणापत्र, सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेले असते आणि पोटनियम त्यालाच जोडलेले असतात. दुसरा, कर्नाटक सहकार संघ कायदा १९५९ खालची सहकारी गृहनिर्माण संस्था. तिसरा, कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० खालची संस्था. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराचा दाखला जिल्ह्याच्या सहकार उपनिबंधकांकडूनच मिळतो, त्यामुळे शिक्का पाहून फसायला होते. शिक्का कुणाचा आहे ते सोडा आणि दाखल्यावर कोणत्या कायद्याचे नाव छापले आहे ते वाचा. दाखलाच सापडत नसेल तर आपल्या खरेदीखतात ‘अविभक्त हिस्सा अमुक टक्के’ आणि ‘डीड ऑफ डिक्लरेशन’चा क्रमांक आहे का ते बघा. तो क्रमांक घेऊन सब-रजिस्ट्रार ऑफिसात प्रमाणित नक्कल मागता येते. त्या नकलेशिवाय एजीएमची नोटीस काढणे म्हणजे अंधारात काम करणे आहे.

पुढचे उत्तर मुख्यतः पहिल्या प्रकारच्या इमारतीसाठी आहे. सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. सहकारी संस्थेसाठी जिथे वेगळे आहे तिथे तसे सांगितले आहे. तिसऱ्या प्रकारात आपल्या नोंदवलेल्या नियमावलीतले सभेचे कलम हाच आधार.

कोरम डोक्यांवर नाही, टक्क्यांवर

१९७२ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे सभा कशी बोलवायची आणि बहुमतापेक्षा वेगळा कोरम ठेवायचा असेल तर तो किती, हे पोटनियमात लिहावे लागते. म्हणजे वेगळे काही लिहिले नसेल तर मालकांचे बहुमत हाच कोरम. कर्नाटकात बरेच बिल्डर सरकारी नमुन्यातले पोटनियमच जसेच्या तसे जोडतात. त्या नमुन्यात मतदान टक्केवारीवर आहे. घोषणापत्रात प्रत्येक फ्लॅटला जो टक्का लावला आहे, तेवढे त्या फ्लॅटचे मत. आणि ‘मालकांचे बहुमत’ याची व्याख्या ५१ टक्के मते धारण करणारे मालक अशी आहे.

एक हिशेब करून पाहू. समजा टिळकवाडीत ४० फ्लॅटची इमारत आहे. दोन बेडरूमचे २४ फ्लॅट, प्रत्येकी २.२० टक्के, आणि तीन बेडरूमचे १६ फ्लॅट, प्रत्येकी २.९५ टक्के. २४ गुणिले २.२० म्हणजे ५२.८० आणि १६ गुणिले २.९५ म्हणजे ४७.२०, मिळून १००.

आता सभेला दोन बेडरूमवाले २३ मालक आले आणि तीन बेडरूमवाला एकही आला नाही, तर ४० पैकी २३ माणसे खुर्च्यांवर बसली आहेत, निम्म्याहून जास्त, तरी टक्के भरतात ५०.६०. कोरम नाही. उलट तीन बेडरूमचे सगळे १६ आणि दोन बेडरूमचे फक्त दोन आले तर माणसे १८ च, पण टक्के ५१.६०. कोरम झाला. म्हणून खुर्च्या मोजून ‘वीस झाले, सुरू करा’ म्हणणाऱ्या सेक्रेटरीचा आकडा दोन्ही बाजूंनी चुकू शकतो.

हे टाळायला हजेरीच्या कागदावर पाच रकाने आखा: फ्लॅट क्रमांक, पहिल्या नावाच्या मालकाचे नाव, टक्के, सही, आल्याची वेळ. टक्क्यांचा रकाना घोषणापत्रातून आधीच टाइप करून ठेवा. दाराशी बसलेला माणूस सही झाली की टक्के मिळवत जाईल आणि ५१ चा आकडा पार झाला ती वेळ कागदावर लिहील. हे काम कॅल्क्युलेटर घेऊन पंधरा मिनिटांत होते. इतिवृत्तात ‘कोरम पूर्ण असल्याने सभा सुरू झाली’ एवढे मोघम वाक्य लिहिण्याऐवजी ‘सकाळी १० वाजून २० मिनिटांनी ५१.६० टक्के हजेरी नोंदली गेली’ असे लिहा. वाद झाला तर उपयोगी पडते ते हे वाक्य.

‘पहिल्या नावाच्या मालकाचे’ असे मुद्दाम लिहिले आहे. नमुना पोटनियमांत जोडनावावर घेतलेल्या फ्लॅटचे मत ज्याचे नाव पहिले आहे त्यालाच असते. आपल्याकडे स्टॅम्प ड्यूटी, कर्ज किंवा घरच्या इच्छेमुळे पुष्कळ फ्लॅटवर बायकोचे नाव पहिले असते आणि सभेला नवरा येऊन सही करतो. तो जोडमालक आहे, बसू शकतो, बोलू शकतो, पण त्या फ्लॅटचे मत त्याचे नाही. ताईंनाच सभेला पाठवा. भाडेकरूचा तर प्रश्नच येत नाही.

सहकारी संस्थेत हा टक्क्यांचा हिशेब नाही. तिथे एका सभासदाला एकच मत, मग फ्लॅट केवढाही असो, आणि कोरमचा आकडा त्या संस्थेच्या नोंदवलेल्या पोटनियमात जो आहे तोच. महाराष्ट्रातला आकडा तिथेही आणू नका.

अर्धा तास नव्हे, अठ्ठेचाळीस तास

नमुना पोटनियमांतला नियम असा आहे: कोरम नसल्यामुळे सभा भरू शकली नाही, तर हजर असलेले मालक सभा तहकूब करू शकतात, पण मूळ सभेच्या वेळेपासून निदान ४८ तासांनंतरच्या वेळेला. त्या तहकूब सभेलाही कोरम झाला नाही, तर मग जे हजर असतील, निदान दोन, तोच कोरम.

यातला दुसरा भाग बहुतेकांना माहीत नसतो, आणि खरी सोय तर त्यातच आहे. रविवारी सकाळी १० ची सभा भरली नाही तर मंगळवारी सकाळी १० नंतर कधीही घ्या, आणि मग बाराच माणसे आली तरी ठराव कायदेशीर. मंगळवारी संध्याकाळी साडेसातची वेळ ठेवली की नोकरीवालेही येतात. घाई करून रविवारीच साडेदहाला सभा सुरू केली, तर फक्त दोन दिवस वाचवण्यासाठी वर्षभराचे ठराव धोक्यात घालता.

धोका कसा येतो तेही पाहा. सभा झाली, लिफ्ट बदलायची ठरली, प्रत्येक फ्लॅटवर वर्गणी बसली. सहा महिन्यांनी एक मालक वर्गणी द्यायला नकार देतो. असोसिएशन वसुलीची नोटीस देते. त्याचा वकील पहिली मागणी करतो ती हजेरीच्या कागदाची आणि घोषणापत्रातल्या पोटनियमांची. टक्के ५१ च्या खाली आणि सभा त्याच दिवशी, हे दोन कागद शेजारी ठेवले की ठराव सभेचा राहत नाही, काही शेजाऱ्यांनी घेतलेला निर्णय एवढाच उरतो. तोपर्यंत लिफ्टवाल्याला आगाऊ रक्कम गेलेली असते. असाच फटका बँकेत बसतो. खात्यावरच्या सह्या बदलायला नव्या पदाधिकाऱ्यांच्या निवडीचा ठराव लागतो, आणि गटबाजी असलेल्या इमारतीत कुणीतरी बँकेला हरकतीचे पत्र देतोच.

खरे तर महाराष्ट्रातही हा नियम मेसेजमधल्याइतका सैल नाही. तिथल्या उपविधींप्रमाणे त्याच दिवशी उशिरा सभा घ्यायची असेल तर ती वेळ मूळ नोटिशीतच लिहिलेली असावी लागते, नाहीतर ७ ते ३० दिवसांच्या आत दुसरी तारीख. मेसेजमधून ‘नोटिशीत लिहिले असेल तर’ हा भागच गळाला आहे.

प्रॉक्सी

या मुद्द्यावर सर्वांत जास्त लोक दुखावतात, कारण गरज खरी आहे. बेळगावातल्या इमारतींचे कितीतरी मालक पुण्यात, गोव्यात किंवा आखातात असतात. त्यांनी मेंटेनन्स वेळेवर भरावा आणि सभेत त्यांचे मत मात्र नसावे, हे अन्यायाचे वाटते. तरीही नियम काय आहे ते स्पष्ट सांगायला हवे.

सहकारी संस्थेत प्रॉक्सी चालतच नाही. कर्नाटक सहकार संघ कायद्याचे कलम २१ सांगते की प्रत्येक सभासदाने मत स्वतः हजर राहून द्यायचे, प्रॉक्सीने मत देता येणार नाही. अपवाद आहे तो एखादी संस्थाच दुसऱ्या संस्थेची सभासद असेल तेव्हा तिने पाठवलेल्या प्रतिनिधीचा. पोटनियमात प्रॉक्सी लिहिली असली तरी कायद्यापुढे पोटनियम टिकत नाही. गंमत म्हणजे महाराष्ट्राच्या कायद्यातही कलम २७ मत स्वतःच द्यायला सांगते. मग मेसेजमध्ये ४८ तास आले कुठून? ते कंपनी कायद्यातून आले. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १०५ मध्ये भागधारकाला प्रॉक्सी नेमता येते आणि तिचा कागद सभेच्या ४८ तास आधीपर्यंत घेण्याची प्रथा त्यातून आली. घराच्या सोसायटीचा त्या कलमाशी संबंध नाही. म्हणजे या एका मेसेजमध्ये दोन वेगवेगळ्या कायद्यांचे तुकडे शिवले आहेत.

अपार्टमेंट असोसिएशनमध्ये उत्तर पोटनियमांत आहे. नमुना पोटनियमांत ‘मते स्वतः हजर राहून द्यावीत’ असे छोटे कलम आहे आणि कोरमच्या कलमातही ‘स्वतः हजर’ हेच शब्द आहेत. म्हणजे प्रॉक्सी मतालाही धरायची नाही आणि कोरमलाही नाही. काही बिल्डरांनी नमुना बदलून प्रॉक्सीची सोय ठेवलेली असते. म्हणूनच आपल्या इमारतीची नक्कल वाचल्याशिवाय ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू नये.

वरच्याच ४० फ्लॅटच्या इमारतीत हे कसे अंगाशी येते ते बघा. रविवारी दोन बेडरूमचे ९ आणि तीन बेडरूमचे ६ फ्लॅट हजर दिसतात. टक्के: १९.८० अधिक १७.७०, म्हणजे ३७.५०. शिवाय सेक्रेटरीच्या फोनवर आठ ‘प्रॉक्सी’ आल्या आहेत, दोन बेडरूमच्या ५ आणि तीन बेडरूमच्या ३. त्यांचे १९.८५. बेरीज ५७.३५. सेक्रेटरी कोरम झाला म्हणून सभा सुरू करतात. नंतर कुणीतरी हजेरी तपासते. आठ प्रॉक्सी बाद, उरले ३७.५०. त्यातही दोन बेडरूमच्या एका फ्लॅटची सही नवऱ्याची आणि पहिले नाव बायकोचे, म्हणून २.२० आणखी कमी. खरी हजेरी ३५.३०. प्रॉक्सी घेतल्याने कुणाचे मत वाचले नाही. उलट तहकूब करून मंगळवारी बिनधोक होणारी सभा रविवारीच बुडाली.

कुलमुखत्यारपत्र असले तर? फ्लॅट विकायला, भाड्याने द्यायला किंवा वीजबिलासाठी दिलेले मुखत्यारपत्र म्हणजे सभेतले मत नव्हे. ‘स्वतः हजर’ असे लिहिलेल्या इमारतीत मुखत्यार माणसाला ऐकायला बसू द्या, मालकाचे म्हणणे वाचून दाखवू द्या, पण टक्के मोजू नका. व्हिडिओ कॉलवर जोडलेल्या मालकालाही हेच लागू: बोलू द्या, इतिवृत्तात म्हणणे नोंदवा, कोरममध्ये धरू नका.

मग बाहेरगावच्या मालकांनी काय करावे? दोन मार्ग आहेत. पहिला लगेचचा: विषयांवरचे आपले म्हणणे सहीनिशी आधी पाठवावे आणि ते सभेत वाचले जावे अशी लेखी विनंती करावी. मत होत नाही, पण हरकत नोंदली जाते. दुसरा मार्ग लांबचा आणि पक्का: पोटनियमच बदलून घ्यायचे. नमुन्याप्रमाणे त्यासाठी बोलावलेल्या सभेत इमारतीच्या एकूण मूल्याच्या निदान ७५ टक्क्यांचे मालक बाजूने लागतात आणि कलम १६ प्रमाणे ती दुरुस्ती घोषणापत्राची दुरुस्ती म्हणून सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावी लागते. नुसता ठराव वहीत लिहून पोटनियम बदलत नाही. ‘मागच्या एजीएममध्ये आपण प्रॉक्सी मान्य केली होती’ असे सांगणाऱ्याला नोंदणीचा क्रमांक विचारा. हा मार्ग फक्त अपार्टमेंट असोसिएशनचा. सहकारी संस्थेत कलम २१ आड येते.

दुरुस्ती करायचीच असेल तर तिचा मसुदा नीट लिहा. प्रॉक्सी फक्त दुसऱ्या फ्लॅटमालकाला किंवा घरच्या माणसाला, एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन, कागद मालकाच्या सहीचा आणि फक्त त्या एका सभेपुरता. ही मर्यादा नसेल तर एखादा पुढारीपणा करणारा शेजारी बारा कागद गोळा करून सगळी सभा एकटाच चालवतो.

चौदा दिवस आणि बोर्ड

इथे नमुना पोटनियम लोकांना चकित करतात. त्यात वार्षिक सभेची नोटीस सभेच्या निदान २ दिवस आधी, पण ७ दिवसांपेक्षा जास्त आधी नव्हे, अशी आहे. आणि ती प्रत्येक मालकाला पाठवायची आहे, जिन्याखालच्या बोर्डावर चिकटवून काम संपत नाही. म्हणजे फक्त १४ दिवस आधी बोर्डावर लावलेली नोटीस दोन्ही अंगांनी चुकते: मुदतीच्या बाहेर आणि पाठवलेलीच नाही.

दूर राहणाऱ्यांना सात दिवस अपुरे पडतात, हे खरे आहे. गोव्याहून यायचे तर रजा काढावी लागते. म्हणून दोन कागद काढा. तीन आठवडे आधी साधे ‘पूर्वसूचना’ पत्र: अमुक रविवारी वार्षिक सभा घेण्याचे ठरले आहे, सभेत घ्यायचे विषय अमुक तारखेपर्यंत लेखी द्या. त्याला नोटीस म्हणू नका. मग सभेच्या आधीच्या सोमवारी किंवा मंगळवारी खरी नोटीस. सोमवारी पाठवली की रविवारपर्यंत सहा दिवस होतात, मुदतीत बसते. पोहोच म्हणून इमारतीतल्यांची सही घ्या. बाहेरच्यांना त्यांनी लेखी कळवलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्ट करा आणि पावती फाइलला लावा. व्हॉट्सअ‍ॅपवरही जरूर टाका, पण ती जास्तीची सोय समजा.

भाषेचाही प्रश्न येतो. पोटनियम बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतात आणि इमारतीतली आजी-आजोबा मंडळी मराठीच वाचतात. नोटीस मराठीत द्या, सोबत तीच नोटीस ज्या भाषेत पोटनियम नोंदले आहेत त्या भाषेतही द्या. दोन्हीत विषयांचे क्रमांक, तारीख, वेळ आणि आकडे एकसारखे आहेत ना, हे दोन जणांनी शेजारी बसून ताडून बघा. भाषांतरात ‘रंगकाम’ एका ठिकाणी आणि ‘दुरुस्ती’ दुसऱ्या ठिकाणी पडले की वाद तिथेच सुरू होतो.

सहकारी संस्थेत वार्षिक सभा २५ सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटिशीचे दिवस पोटनियमातून काढायचे. तिथे संचालक मंडळाची निवडणूक एजीएममध्ये हात वर करून होत नाही, राज्याच्या सहकार निवडणूक प्राधिकरणाच्या प्रक्रियेने होते, हेही लक्षात ठेवा.

आयत्या वेळचे विषय

वार्षिक सभेत नवे कामकाज घेता येते, नमुना क्रमाच्या शेवटी ‘अपुरे कामकाज’ आणि ‘नवे कामकाज’ हे दोन विषय आहेतच. पण नोटीस वाचून ‘आपल्या खिशाचा प्रश्न नाही’ म्हणून जो घरी राहिला, त्याच्यावर त्या दिवशी अचानक दहा हजारांची वर्गणी बसवली तर नोटिशीला अर्थच उरत नाही. तक्रार आली की अध्यक्षांची परवानगी ढाल होत नाही. आयत्या वेळी चर्चा करावी, समिती नेमावी, कोटेशन मागवायचे ठरवावे. पैसे, निवड, पोटनियम, कुणावर कारवाई यांतले काहीही नोटिशीत विषय म्हणून लिहिलेले असावे, आणि पैशाच्या विषयात आकडा व वाटणीची पद्धतही. १९७२ च्या कायद्यात सामाईक खर्च टक्केवारीनेच वाटायचा आहे, त्यामुळे ‘प्रत्येक फ्लॅटला सारखे’ असा ठराव वादाला आमंत्रण देतो.

टक्केवारीच्या इमारतीत चालणारी नोटीस साधारण अशी होते:

“सर्व फ्लॅटमालकांस कळवण्यात येते की असोसिएशनची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार दि. ___ रोजी सकाळी १० वाजता इमारतीच्या पार्किंगमध्ये होईल. विषय: १) हजेरी व टक्केवारीची नोंद. २) नोटीस पाठवल्याची नोंद. ३) मागील वार्षिक सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ४) पदाधिकाऱ्यांचा अहवाल, तपासलेला जमाखर्च व ताळेबंद (प्रत सोबत). ५) व्यवस्थापक मंडळाच्या जागांसाठी गुप्त मतदानाने निवड. ६) लिफ्ट बदलणे: सोबतच्या तीन कोटेशनपैकी एक मंजूर करणे व रक्कम घोषणापत्रातील टक्केवारीनुसार वाटणे. ७) अपुरे कामकाज. ८) नवे कामकाज, केवळ चर्चेसाठी.

सभेस मालकांच्या ५१ टक्के मतांची प्रत्यक्ष हजेरी आवश्यक आहे. ती न झाल्यास हजर मालक सभा तहकूब करतील व तहकूब सभा मंगळवार दि. ___ रोजी सायंकाळी ७.३० वाजता याच ठिकाणी, याच विषयांवर होईल. तिथेही कोरम न झाल्यास हजर मालक, किमान दोन, हाच कोरम समजला जाईल. मतदान प्रत्यक्ष हजर राहून करायचे आहे, जोडनावाच्या फ्लॅटचे मत प्रथम नावाच्या मालकास आहे. प्रॉक्सी स्वीकारली जाणार नाही. वर्षअखेरच्या दिवशी ६० दिवसांपेक्षा जास्त थकबाकी असलेल्या मालकांस विषय ५ वर मतदान करता येणार नाही व उमेदवार होता येणार नाही.”

शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. नमुना पोटनियमांत थकबाकीदाराचा अपात्रतेचा नियम निवडणुकीपुरता आहे. लिफ्टच्या विषयावर त्याचे मत काढून घेता येत नाही, आणि हजेरीच्या टक्क्यांतूनही त्याला वगळू नका. ‘थकबाकीदारांना सभेत प्रवेश नाही’ असे ठळक अक्षरांत लिहिणाऱ्या नोटिसा निघतात, त्या असोसिएशनलाच अडचणीत आणतात. थकबाकीची यादीही वर्षअखेरच्या तारखेची असावी. सभेच्या आदल्या रात्री पैसे भरले म्हणून नाव काढले आणि दुसऱ्याचे ठेवले, तर भेदभावाचा आरोप होतो आणि तो खरा असतो.

रविवारी कोरम झाला नाही तर पार्किंगमधून उठण्याआधी चार ओळी लिहून घ्या: किती वाजेपर्यंत वाट पाहिली, किती टक्के हजर होते, तहकुबीचा प्रस्ताव कुणी मांडला, पुढची तारीख-वेळ काय. हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या त्याखाली घ्या आणि तो कागद त्याच दिवशी गैरहजर मालकांना पाठवा. मंगळवारच्या सभेचे इतिवृत्त याच कागदाच्या उल्लेखाने सुरू करा, आणि मूळ वेळेपासून ४८ तास पूर्ण झाल्याची नोंद पहिल्याच ओळीत ठेवा.